पाचशे कॅलरींची दोन ताटं: प्रथिनांवर शरीर जास्त ऊर्जा का खर्च करतं?

बेळगावच्या कुठल्याही जिममध्ये किंवा येळ्ळूर, खानापूरकडच्या तालमीत थोडा वेळ बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "प्रोटीन खा, ते पचवतानाच कॅलरी जळतात." पोरं हे पूर्ण विश्वासाने बोलतात आणि त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण किती कॅलरी जळतात, हे सहसा कुणी सांगत नाही. का जळतात, याचं उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. या दोन प्रश्नांची नीट उत्तरं माहीत असली, तर प्रथिनांच्या डब्यावर आणि 'फॅट बर्नर'च्या गोळ्यांवर पैसे घालण्याआधी माणूस स्वतःच हिशेब करू शकतो. म्हणून हा लेख.

आपण जेवलो की पुढचे काही तास शरीराचा ऊर्जाखर्च थोडा वाढलेला असतो. स्वस्थ पडून राहिलं तरीही तो वाढतो. अन्न फोडणं, शोषून घेणं, त्याचं रूप बदलणं आणि ते साठवणं या कामांसाठी लागणारा हा खर्च शेवटी उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. त्याला अन्नाचा औष्णिक परिणाम म्हणतात. रोजच्या मिश्र जेवणात हा खर्च खाल्लेल्या ऊर्जेच्या साधारण १० टक्के असतो. मात्र सगळ्या अन्नघटकांवर तो सारखा पडत नाही. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के अशी खर्च होते, पिठूळ आणि गोड पदार्थांतल्या कर्बोदकांची ५ ते १० टक्के, आणि तेल-तुपाची फार तर ३ टक्के.

टक्केवारीवरून अंदाज येत नाही, म्हणून दोन ताटं मांडून बघू. दोन्हींत कॅलरी पाचशेच.

पहिलं ताट शिऱ्याचं. ६० ग्रॅम रवा, ३० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम तूप, म्हणजे घरातली एक भरपूर वाटी. यात प्रथिनं ६ ग्रॅम, कर्बोदकं ७४ ग्रॅम आणि स्निग्धांश २० ग्रॅमच्या आसपास येतो. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी देतात, स्निग्धांश ९. म्हणजे २४, २९६ आणि १८०, एकूण पाचशे. आता प्रत्येकाचा खर्च मधला आकडा धरून काढू: प्रथिनांना २५ टक्के, कर्बोदकांना ७, स्निग्धांशाला २. प्रथिनांपोटी ६ कॅलरी, कर्बोदकांपोटी २१ आणि तुपापोटी साडेतीन. सगळे मिळून साधारण ३० कॅलरी.

दुसरं ताट चिकन सुक्कं आणि ज्वारीची एक भाकरी. शिजलेलं, बिनहाडाचं, कमी चरबीचं १४० ग्रॅम चिकन, त्याला दीड-दोन छोटे चमचे तेल, थोडा कांदा-मसाला आणि ५५ ग्रॅम पिठाची भाकरी. इथे प्रथिनं ४८ ग्रॅम, कर्बोदकं ४५ आणि स्निग्धांश १४ ग्रॅमच्या घरात जातो. पुन्हा पाचशेच कॅलरी. खर्च मात्र वेगळा: प्रथिनांपोटी ४८, कर्बोदकांपोटी १३, तेलापोटी अडीच. एकूण साधारण ६३.

एकीकडे ३०, दुसरीकडे ६३. प्रमाण बघितलं तर दुप्पट, त्यामुळे जाहिरातीत ते फार मोठं वाटेल. प्रत्यक्षात फरक आहे ३३ कॅलरींचा, आणि तोही दोन अगदी टोकाची ताटं शेजारी ठेवल्यावर. हा आकडा लक्षात असू द्या, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

हा फरक पडतो कशामुळे? "मटण-अंडी पचायला जड, म्हणून पोटाला जास्त मेहनत पडते" हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. चावण्याला, जठराच्या घुसळणीला आणि पाचकरसांना ऊर्जा लागते हे बरोबर, पण प्रथिनांचा जास्तीचा खर्च मुख्यतः तिथे होत नाही. याचा चांगला पुरावा आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात ती थेट शिरेतून दिली, म्हणजे तोंड, जठर आणि आतडं यांना काही कामच ठेवलं नाही, तरीही माणसाचा ऊर्जाखर्च वाढतो. खर्चाची जागा पुढे आहे, रक्तात शिरल्यानंतरची. त्यातही यकृताचा वाटा मोठा.

घरातल्या कणगीचा विचार करा. तेल-तूप हे कणगीत जसंच्या तसं ओतता येणारं धान्य आहे. आतड्यात स्निग्ध पदार्थाचा रेणू फुटतो, भिंतीपलीकडे पुन्हा जोडला जातो, त्याचे बारीक थेंब बांधले जातात आणि ते लसीकेच्या वाटेने रक्तात येऊन चरबीच्या पेशींत जमा होतात. आला त्या रूपातच तो साठतो, म्हणून वाटखर्च दोन-तीन टक्क्यांत भागतो. कर्बोदकांची कणगी लहान आहे: यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून काही शे ग्रॅम मावतं. प्रथिनांना मात्र कणगीच नाही. स्नायू प्रथिनांचे असतात खरे, पण ते कामाचे अवयव आहेत, जादाची प्रथिनं ठेवायची जागा नव्हे. त्यामुळे जेवणातून आलेल्या अमिनो आम्लांचं काय करायचं हे शरीराला काही तासांतच ठरवावं लागतं, आणि त्याच्यापुढचा प्रत्येक रस्ता खर्चिक आहे.

पहिला रस्ता म्हणजे त्यांची स्वतःची प्रथिनं बांधणं. पेशी ज्या रेणूच्या रूपात ऊर्जा खर्च करते त्याला एटीपी म्हणतात. एक अमिनो आम्ल दुसऱ्याला जोडायला सुमारे चार एटीपींएवढी ऊर्जा लागते: दोन ते आम्ल जोडणीसाठी तयार करायला आणि दोन प्रत्यक्ष साखळीत ओवायला. प्रथिनाच्या एका साखळीत अशा शेकडो जोडण्या असतात. जेवणानंतर, विशेषतः प्रथिनं भरपूर असतील तर, ही बांधणी वेग घेते.

दुसरा रस्ता नत्राचा आहे. माझ्या मते हा सगळा विषय समजून घेण्याची किल्ली इथेच आहे. साखरेत आणि तेलात फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. जाळले की त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं आणि काम संपतं. प्रथिनांत वजनाच्या सुमारे १६ टक्के नत्र असतं. अमिनो आम्ल इंधन म्हणून वापरायचं तर आधी हे नत्र सोडवावं लागतं. सुटलेलं नत्र अमोनिया होतं, आणि अमोनिया मेंदूला घातक आहे. म्हणून यकृत त्याचा युरिया बनवतं आणि मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. हा युरिया म्हणजे चिकोडी-निपाणीकडे उसाला घालतात तोच रासायनिक पदार्थ. गोणीवर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं, आणि यकृतातल्या युरियाचंही प्रमाण तेच. आपल्या दुसऱ्या ताटातल्या ४८ ग्रॅम प्रथिनांत साडेसात ग्रॅमहून थोडं जास्त नत्र आहे. ते सगळं युरियाच्या वाटेने गेलं तर यकृताला सोळा-सतरा ग्रॅम युरिया तयार करावा लागेल, आणि युरियाच्या प्रत्येक रेणूमागे चार एटीपींएवढी ऊर्जा मोजावी लागते. शिऱ्याच्या ताटात हे काम जवळजवळ नाहीच.

नत्र काढून घेतल्यावर उरतो कार्बनचा सांगाडा. त्यातला काही भाग यकृत ग्लुकोज बनवायला वापरतं. तिथेही एका ग्लुकोजमागे सहा एटीपींएवढा खर्च येतो. उलट, भाकरीतून किंवा साखरेतून ग्लुकोज तयारच मिळतं. ते ग्लायकोजेन म्हणून साठवायला सुमारे दोन एटीपी लागतात, आणि तेच ग्लुकोज पुढे पूर्ण जाळलं की तीसेक एटीपी मिळतात. दोनाला तीसने भागलं तर सात टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. कर्बोदकांसाठी मोजलेला खर्चही तेवढाच आहे. कागदावरचं रसायनशास्त्र आणि माणसावर केलेलं मोजमाप इतकं जवळ यावं, ही मला या विषयातली सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते.

गोडाबद्दल एक बारकावा इथेच सांगायला हवा. साखर पिठापेक्षा "कमी जळते" असं मानलं जातं, पण साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्यातल्या बऱ्याच भागाचं रूप यकृताला आधी बदलावं लागतं, त्यामुळे फ्रुक्टोजवरचा खर्च ग्लुकोजपेक्षा किंचित जास्तच भरतो. साखर या हिशेबात मागे पडते ती प्रथिनांच्या तुलनेत, पिठाच्या नव्हे. शिऱ्याच्या ताटाचा खर्च खाली आणायला तूप जास्त कारणीभूत आहे.

हे मोजतात कसं? जेवल्यावर माणूस जास्त ऑक्सिजन वापरतो, हे फ्रान्समध्ये लाव्हॉझिए आणि सेगँ यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी पाहिलं होतं. त्यासाठी सेगँ स्वतःच प्रयोगाला बसला होता. मांसाने उष्णता सर्वांत जास्त वाढते हे जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुबनर याने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं आणि १९०२ साली ग्रंथरूपाने मांडलं. आजची पद्धत मुळात तीच आहे. माणूस रात्रभर उपाशी राहतो, सकाळी पाठीवर स्वस्थ पडतो, डोक्यावर पारदर्शक झाकण बसवतात आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजत राहतं. एक लिटर ऑक्सिजन वापरला की सुमारे पावणेपाच ते पाच कॅलरी खर्च झाल्या, असा हिशेब असतो. आधी उपाशीपोटीचा खर्च नोंदवायचा, मग मोजून जेवण द्यायचं आणि पुढचे सहा तास वाढ मोजायची.

आपल्या दुसऱ्या ताटाच्या ६३ कॅलरी सहा तासांवर पसरल्या तर मिनिटाला जेमतेम पावणेदोन दशांश कॅलरी भरते. पडून राहिलेल्या माणसाचा मूळ खर्चच मिनिटाला एक कॅलरीच्या थोडा वर असतो. इतकी लहान वाढ पकडायची म्हटल्यावर चुकायला जागा पुष्कळ. झाकणाखालचा माणूस चुळबुळला, पाय हलवत राहिला तर आकडा फुगतो. डुलकी लागली तर उतरतो. आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे मोजणं लवकर थांबवणं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असं दिसलं की सहा तासांत जेवढा परिणाम मोजला जातो त्यातला तीन तासांपर्यंत ६० टक्केच हाती लागतो, चार तासांना ७८ आणि पाच तासांना ९१ टक्के. प्रथिनांचा खर्च जास्त रेंगाळतो, म्हणून घाईने थांबवलेल्या प्रयोगात नुकसान प्रथिनांच्या आकड्याचं जास्त होतं. मनगटावरचं घड्याळ ही वाढ मोजू शकत नाही. ते नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतं.

"मटण खाल्लं की अंगातून घाम निघतो, म्हणजे चरबी वितळते" असं आमच्याकडे म्हणतात. अंडी "उष्ण पडतात" असंही म्हणतात. वर काढलेली जास्तीची उष्णता सहा तास सरासरी बारा वॅटच्या आसपास आहे, म्हणजे एका साध्या एलईडी बल्बएवढी. ती अंगाला सहज सोसते, त्यासाठी कपाळावरून धारा लागत नाहीत. रश्शाने घाम फुटतो तो मिरचीमुळे. संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो, ते जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चिकटतं. मेंदूला खरोखर भाजल्याचा निरोप जातो आणि शरीर घाम काढतं. तीच मिरची घातलेल्या बटाट्याच्या रश्शानेही तितकाच घाम येईल, प्रथिनं नसली तरी. म्हणून घामावरून या परिणामाचा अंदाज बांधता येत नाही. आणि जास्त उष्णता बाहेर पडली म्हणजे अंगावरची चरबी जळली, असंही होत नाही. त्या वेळचं इंधन बरंचसं नुकत्याच खाल्लेल्या जेवणाचंच असतं. अंगावरची चरबी कमी होणार की नाही हे दिवसभराच्या, आठवड्याच्या एकूण जमाखर्चावर ठरतं.

तो जमाखर्च आता मांडू. समजा एक माणूस रोज २२०० कॅलरी खातो. त्यातल्या १० टक्के प्रथिनांतून, ६५ टक्के कर्बोदकांतून आणि २५ टक्के तेल-तुपातून येतात. भात-आमटी, भाकरी-भाजी, चहा-बिस्किटं खाणाऱ्या घरातलं हे नेहमीचं चित्र. प्रथिनं दिवसाला ५५ ग्रॅम. मघाचेच टक्के लावले तर त्याचा औष्णिक खर्च ५५, १०० आणि ११, एकूण १६६ कॅलरी येतो. आता एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून त्याने प्रथिनं दुप्पट केली, ११० ग्रॅम, आणि तेवढी कर्बोदकं कमी केली. नवा खर्च ११०, ८५ आणि ११, म्हणजे २०६. फरक ४० कॅलरींचा.

चाळीस कॅलरी म्हणजे दहा ग्रॅम साखर. दोन छोटे चमचे. दिवसाला ५५ ग्रॅम जास्तीची प्रथिनं मिळवायला सात-आठ अंड्यांहून जास्त लागतील, किंवा महागडी पावडर. आणि त्यातून मिळणारा औष्णिक फायदा एका गोड चहातली साखर सोडून मिळतो तेवढाच. हा फायदा किती थोडा आहे, ते इथे दिसतं. प्रथिनं खाऊ नयेत असं मी अजिबात म्हणत नाही. भूक लवकर न लागणं आणि वजन उतरवताना स्नायू टिकणं ही प्रथिनं वाढवण्याची याहून बरीच भक्कम कारणं आहेत, आणि आमच्याकडच्या अनेक शाकाहारी घरांत ती कमीच पडतात. पण "पचवतानाच जळतं" या एका वाक्यावर कुणी डबा विकत असेल, तर विकणारा चाळीस कॅलरी विकतो आहे.

शाकाहारी ताटात एक अडचण अशी की प्रथिनं कधी एकटी येत नाहीत. बेळगाव परिसरात भातकापणीनंतर त्याच शिवारात मसूर घेतात, ती घराघरांत शिजते. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पण साठेक ग्रॅम कर्बोदकंही असतात, त्यातला काही भाग चोथ्याचा. म्हणजे तिच्यातली चौथाईहून थोडी जास्त ऊर्जा प्रथिनांची. धान्याच्या मानाने ती उत्तमच आहे, मात्र तिला चिकनच्या आकड्यांनी मोजू नये. शेंगदाण्याच्या चटणीबाबत गैरसमज जास्त. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण सोबत जवळजवळ ४८ ग्रॅम तेल असतं. त्याच्या तीन चतुर्थांश कॅलरी तेलाच्या, आणि तेलावरचा खर्च सर्वांत कमी. चटणी भाकरीबरोबर खावी, फक्त प्रथिनांच्या खात्यात ती पूर्ण जमा करू नये. ताक, दही, पनीर, सोयाबीन आणि अंडी चालत असतील तर अंडी यांनी शाकाहाराकडे झुकलेल्या ताटातला आकडा खरोखर हलतो.

"थोडं थोडं सहा वेळा खा, म्हणजे पचनाची भट्टी पेटती राहते" हा सल्लाही याच विषयातून निघालेला आहे. खर्च जेवणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात होतो. तीनशे कॅलरी सहा वेळा खाल्ल्या काय किंवा सहाशे तीन वेळा, घटकांचं प्रमाण तेच असेल तर बेरीज जवळपास तीच येते. कुणाला साखरेच्या आजारासाठी डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलं असेल तर ती वेगळी गोष्ट.

शेवटी पाकिटावरच्या आकड्याबद्दल, कारण जाणकार वाचकाला तिथे शंका येते: ग्रॅमला ४ कॅलरी या आकड्यात हा खर्च आधीच वजा केलेला नाही ना? नाही. प्रयोगशाळेतल्या भट्टीत प्रथिन पूर्ण जाळलं तर ग्रॅमला सुमारे ५.६५ कॅलरी निघतात. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर याने त्यातून दोन गोष्टी वजा केल्या: युरियाबरोबर लघवीतून न जळता जाणारी ऊर्जा आणि शोषली न गेलेली प्रथिनं. उरले ४. युरिया बनवण्याचा खर्च, साखळ्या ओवण्याचा खर्च, उष्णता होऊन गेलेली ऊर्जा त्यात धरलेली नाही. ती वजा केली तर अन्न आणि कृषी संघटनेच्या २००३ च्या अहवालाप्रमाणे प्रथिनांचा निव्वळ आकडा ग्रॅमला ३.२ येतो. चारातून ०.८ गेले, म्हणजे २० टक्के, आपल्या सुरुवातीच्या अंदाजाच्या खालच्या टोकाला. पाकिटांवर जगभर ४ च छापतात, त्यामुळे वर मांडलेला हिशेब छापील कॅलरींवर करायला हरकत नाही.

आणि ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमकुवत आहेत त्यांनी हा हिशेब करूच नये. जास्तीच्या प्रथिनांमागे येणारा सगळा युरिया त्यांनाच बाहेर टाकावा लागतो. प्रथिनं किती खायची हे त्यांनी क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.